किटली आत गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

पंचवटीकर
आमच्या मंडळाच्या मेळ्यासाठी एकाने फेरफार नोंदीवर गाणं रचलंय. अर्धे म्हणतात यात लाचेचा उघड आरोप आहे, अर्धे म्हणतात कुठंय आरोप, उलट स्तुतीच आहे. कोण बरोबर? ओळी या:

साहेब आमचे देवमाणूस, पैशाला हात लावत नाहीत,
टेबलाखाली काय पडलंय, वाकून कधी पाहत नाहीत.

पंधरा दिसांची नोटीस त्यांची पंधरा म्हयनं भिजते,
चहाची किटली आत गेली की डाळ लगेच शिजते.

साहेबांच्या घरावरती यंदा माडी चढली जी,
आमची नोंद उताऱ्यावर पेन्सिलीतच पडली जी.

गोदाघाट
स्तुती म्हणणाऱ्यांनी गाणं चालीवर ऐकलेलं दिसत नाही. तरी चाल बाजूला ठेवू आणि कागदावरच्या ओळी पाहू. प्रत्येक ओळीपुढे तुम्हाला लागलेला अर्थ साध्या वाक्यात लिहा. मग त्याच ओळीला 'पण तसं काही नाही' असं शेपूट जोडा. ओळ स्वतःशीच भांडू लागली तर तो अर्थ ओळीने सांगितलेला आहे. भांडली नाही तर तो तुम्ही ऐकताना भरलेला आहे.

दुसऱ्या कडव्यावर करून बघा. 'नोटीस पंधरा महिने भिजते, पण काम वेळेत झालं' हे जमत नाही, म्हणजे उशीर झाला हे गाणं स्वतःच्या तोंडाने म्हणतंय. आता 'किटली आत गेली की डाळ शिजते, पण पैसे कुणी दिले नाहीत' म्हणा. जमलं की नाही? किटलीत खरोखर चहा असू शकतो. 'चहापाणी' हा शब्द गाण्यात नाहीच, तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहे. लाच सूचित आहे, सांगितलेली नाही.

निफाडचा_द्राक्षवाला
मग झालंच की! सांगितलेलं नाही, नावही घेतलेलं नाही. कुणी काही करू शकत नाही, खुशाल गा.

वकिली_चष्मा
नाव नाही हा मुद्दा अर्धाच खरा आहे. ऐकणाऱ्यांना माणूस ओळखू आला तर नाव न घेण्याने फार फरक पडत नाही. सूचनेचंही तसंच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये स्पष्टच आहे की उपरोधाने केलेलं विधानही बदनामी ठरू शकतं. जुन्या कलम 499 मध्येही हेच होतं. तेव्हा 'आम्ही तर देवमाणूस म्हटलं होतं' ही पळवाट कामाची नाही. त्याच कलमात सरकारी नोकराच्या कामातल्या वागणुकीवर प्रामाणिकपणे मत मांडायला सूट आहे. नोटिशीची ओळ त्या सुटीत बसवता येईल. माडीची ओळ मात्र कचेरीतून उठून थेट त्यांच्या घरावर गेली. मला तीच जास्त खटकते.

गोदाघाट
माडीबद्दल सहमत, पण तिथली कारागिरी बघा. दोन ओळी शेजारी ठेवल्यात आणि मध्ये 'म्हणून' नाही. माडी चढली हे एक वाक्य, नोंद पेन्सिलीत पडली हे दुसरं. त्यांना जोडणारं 'म्हणून' श्रोता घालतो, आणि टाळी त्या 'म्हणून'ला पडते.

सिन्नर_शिवार
नोटिशीचं विचारताय का? आमच्या वारस नोंदीचं असंच झालंय, आठ महिने पेन्सिलीतच आहे, पक्की होतच नाही. अर्ज कुणाकडे करायचा?

तलाठी_सजा
आधी हरकत आलीय का ते तलाठी कार्यालयात विचारा. आली असेल तर नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे 6-अ मध्ये गेली असेल आणि सुनावणी होईल. हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याकडे प्रमाणीकरण का थांबलं ते लेखी मागा. पोच घ्यायला विसरू नका.

आता गाण्याबद्दल. रचणाऱ्याने इथे एक घोळ घातलाय आणि वरच्या कुणाच्याच तो लक्षात आला नाही. पंधरा दिवस ही काम संपवायची मुदत नाही. हितसंबंधितांनी हरकत घ्यायची ती मुदत आहे. एखाद्या भावाने हरकत घेतली की प्रकरण लांबणारच. महसूल संहितेच्या कलम 150 मध्ये अशा तक्रारी शक्यतो एका वर्षात निकाली काढा असं म्हटलंय. म्हणजे पंधरा महिने हा उशीर खराच, पण पंधरा दिवसांशी तुलना करून तो तीसपट दिसतो. हरकत असेल तर तो वर्षाच्या वर तीन महिने आहे.

गोदाघाट
हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, मानलं. म्हणजे ओळीने सांगितलेला उशीर खरा असू शकतो आणि तिने सुचवलेला नियमभंग खोटा. दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतील. तरी 'हरकत नव्हती' असं गाण्यात कुठेही नाही, तेही आपणच गृहीत धरलं.

निफाडचा_द्राक्षवाला
बरं, पण पहिल्या कडव्यात उपरोध आहे हे कशावरून? साहेब खरंच चांगले असतील तर? शेपटाची युक्ती तिथे चालेल का?

गोदाघाट
तिथे ती लंगडी पडते, कारण उपरोधात जे म्हटलंय तेच म्हणायचं नसतं. तिथे शब्दांची निवड बघावी. 'पैसे घेत नाहीत' म्हटलं असतं तर नकार पूर्ण होता. 'पैशाला हात लावत नाहीत' हा नकार मुद्दाम आखूड ठेवलाय. हात लावला नाही एवढंच, दुसऱ्याच्या हाताने आले का ते उरतंच. टेबलाचंही तसंच. 'खाली काही नसतं' असं म्हटलेलं नाही, 'वाकून पाहत नाहीत' म्हटलंय. आरोप त्या उरलेल्या जागेत बसलाय.

पडताळायचं तर खालची दोन कडवी झाका. उरलेल्या दोन ओळींतली टेबलाची ओळ काढून पहिलीच वाचा. ती निरोप समारंभातही चालेल. टेबल परत आणलं की हॉलमध्ये कुजबुज, किटली आणली की हशा. उपरोध एका शब्दात नसून पुढच्या ओळी तो मागे ओढून आणतात. म्हणून मेळ्यात कुणी पहिलीच ओळ गाऊन थांबला, तर स्तुती म्हणणारे बरोबर ठरतील.

वकिली_चष्मा
मेळ्यात कुणी एका ओळीवर थांबत नसतो हो.

शाहिरी_डफ
सगळे साहेबांवर बोलताय. किटली आत कोण नेतंय? 'गेली' म्हटलंय, 'नेली' नाही. कर्ता गायब आहे. चहा सांगणारा तर अर्जदारच, म्हणजे आपण. माझ्या मते खरा टोला गाणाऱ्याने स्वतःच्या बाजूला मारलाय, आणि शेवटच्या ओळीतला 'आमची' त्यामुळे इतका निरागस राहत नाही.

तलाठी_सजा
हे जरा ताणलेलं वाटतं. शेवटच्या कडव्यात नोंद पेन्सिलीतच आहे, म्हणजे या अर्जदाराने चहा पाजलेला नाही.

शाहिरी_डफ
किंवा पाजला आणि कमी पडला. गाण्यात दोन्हीला जागा आहे.

पंचवटीकर
रचणाऱ्याला विचारलं, तो नुसता हसतो. माडीचं कडवं काढायचं ठरतंय. किटलीवर अजून भांडण चालू आहे, कुणी म्हणतो 'गेली'चं 'नेली आम्ही' करा.

शाहिरी_डफ
करू नका. मग तो कबुलीजबाब होईल.