मदत हवी आहे: काळ्या जमिनीत मुलांकडून भाजीचा वाफा कसा करून घ्यावा?

बोरीकाठ

नमस्कार. पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत सहावीला शिकवते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर बागकामाचा तास माझ्याकडे आला आहे. आठवड्यातून दोन तास, प्रत्येकी 35 मिनिटं, मुलं 40. जागा आहे, शेजारी बोअर आहे, कुदळी-खुरप्या आहेत.

अडचण जमिनीची आहे. माती काळी आणि भारी. आत्ता वाळून दगड झाली आहे, कुदळ मारली की डोक्याएवढी ढेकळं निघतात. मी इथे यायच्या आधी, गेल्या हिवाळ्यात, याच जागेवर मेथी, पालक आणि कोथिंबीर पेरली होती असं मुलं सांगतात. पाइपने पाणी सोडलं, दोन दिवसांनी वर कडक पापडी धरली आणि फक्त वाफ्याच्या कडेला, भेगांमधून थोडी मेथी वर आली. बाकी काहीच नाही. मुलांचं मत पक्कं झालंय की "बी खराब होतं".

मला हे यंदा नीट करायचंय. वाफा कसा करू, बी किती खोल टाकू आणि हे सगळं मुलांच्या हातून दोन-तीन तासांत कसं बसवू?

गच्चीवरची बाग

ताई, जमिनीच्या भानगडीत पडूच नका. मी नाशिकला गच्चीवर ग्रो बॅग ठेवल्या आहेत. कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं घेतलं की ढेकळं नाहीत, तण नाही. माझी कोथिंबीर बाराही महिने चालू असते. फक्त टोमॅटोची पानं आकसतायत, त्यावर कुणाला काही माहीत असेल तर इथेच सांगा.

पांझरा पट्टा

राम राम मॅडम. आमना खान्देशनी काळी जमीन म्हटल्यावर गादीवाफाच करा, एक वीत उंच. सपाट वाफ्यात पाणी साचतं आणि बी सडतं, तुमचं तेच झालं असणार. मेथी फेकून टाका, वरून हात फिरवा, भरपूर पाणी द्या. ओळीबिळींची गरज नाही. आमच्याकडे एकरभर मेथी फेकूनच होते.

चोपडेकर

मॅडम, बी खराब नव्हतं. कडेच्या भेगांतून मेथी वर आली हाच त्याचा पुरावा. बी वाफ्यात सगळीकडे फुटलं असणार, पण मधल्या कोंबांना पापडी फोडता आली नाही. काळ्या मातीत वरून जोराने पाणी पडलं की बारीक कण एकमेकांत बसतात आणि वाळताना घट्ट थर होतो. मेथीचा कोंब थोडाफार जोर लावतो, धण्याला आणि पालकाला तेवढा जोर नसतो.

म्हणून क्रम उलटा करा. पेरून पाणी देऊ नका, आधी पाणी देऊन मग पेरा. आज त्या जागेला भरपूर पाणी सोडा, पाइपने सोडलं तरी चालेल, कारण अजून बी नाही. मग थांबायचं, वाफसा येईपर्यंत. या हवेत भारी जमिनीला चार-पाच दिवस लागतात, पण दिवस मोजू नका, माती बघा. एक वीत खोलवरची मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा आणि छातीच्या उंचीवरून खाली सोडायचा. गोळा नुसता चपटा झाला तर अजून ओल जास्त आहे, या वेळी खणलं तर ढेकळं होतात आणि ती वाळली की तुमची आत्ताची गत. गोळाच होत नसेल तर उशीर झाला. पडल्यावर त्याचा भुगा झाला की त्याच दिवशी खणायचं. पहिला तास एवढाच ठेवा. प्रत्येक मुलाने स्वतः गोळा टाकून बघू दे.

वाफा 10 फूट लांब आणि 3 फूट रुंद घ्या. 3 फूट अशासाठी की सहावीच्या मुलाचा हात कडेला बसून मधोमध पोचतो, वाफ्यात पाय पडत नाही. पाय पडला की मोकळी केलेली माती पुन्हा दबते. एक वीत खोल खणा, हराळीच्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचून लांब टाका (तिथेच पडल्या तर पुन्हा फुटतात), मग एक घमेलं भरून चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. कुजलेलं म्हणजे हातात घेतल्यावर शेणाचा वास येत नाही आणि गरम लागत नाही असं. कच्च्या शेणाबरोबर हुमणी आणि तणाचं बी येतं. अर्धं घमेलं खत चाळून बाजूला ठेवा, ते पुढे लागणार आहे.

पांझरा पट्टा यांचं गादीवाफ्याचं म्हणणं पावसाळ्यासाठी अगदी बरोबर आहे. आत्ता पाऊस नाही आणि उंच वाफ्याच्या कडा आधी वाळतात. हिवाळ्यात सपाट वाफा आणि भोवती चार बोटं उंच वरंबा पुरे.

बोरीकाठ

खूप आभार. पेरणीचं अजून सांगाल का? आणि बी दुकानातून आणू की किराण्यातलं चालेल? दुकानात एका पुडीतलं बी गुलाबी रंगाचं दिसलं.

चोपडेकर

गुलाबी म्हणजे बुरशीनाशक लावलेलं. मोठ्यांनी हातमोजे घालून पेरायला ठीक आहे, मुलांच्या हाती देऊ नका, ती तोच हात तोंडात घालतात. मेथी आणि धणे किराण्यातले चालतात, फक्त आधी तपासा. ओल्या फडक्यात 20 दाणे गुंडाळून वर्गात ठेवा. चार दिवसांत मेथीचे 15-16 फुटले तर बिनधास्त पेरा. धणे किराण्यात कधीकधी फार जुने असतात, त्यांची तपासणी टाळू नका. धण्यांना दहा दिवस तरी द्या. पालकाचं बी मात्र दुकानातूनच घ्यावं लागेल, बिनऔषधाचं मागा.

एक धणा म्हणजे दोन बिया चिकटलेल्या. फरशीवर पसरून लाकडी फळीने हलकेच रगडायचे, दोन फाकी झाल्या पाहिजेत, पीठ नाही. मग रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी सावलीत निथळायचे. हे काम मुलांना फार आवडतं.

पेरणी ओळीत करा आणि ओळी आडव्या, 3 फुटांच्या बाजूने. अर्ध्या फुटावर एक धरली तर 10 फुटांत साधारण 20 ओळी बसतात. तुमची मुलं 40. एका ओळीला समोरासमोर दोघं, प्रत्येकाच्या वाट्याला दीड फूट. प्रत्येकाला मोजून 20 दाणे द्या, एक बोट अंतर ठेवून. दाणे मोजून दिले म्हणजे नंतर किती उगवले ते मूल स्वतःच सांगतं.

खोली नखाएवढी. "बोटाच्या पहिल्या पेराएवढी" असं सांगू नका, ते या बियांना जास्त होतं. काठी आडवी दाबून चर पाडा. आणि झाकायला काळी माती वापरू नका, ते चाळून ठेवलेलं शेणखत घ्या. त्याची पापडी धरत नाही, कोंब सहज वर येतो. पाणी झारीने. झारी नसेल तर बाटलीच्या झाकणाला तुम्ही स्वतः गरम सुईने भोकं पाडा. पाइप उगवण होईपर्यंत बंद.

रावेरची केळी

आमच्याकडे केळीची वाळलेली पानं ढिगाने पडलेली असतात, ती वाफ्यावर टाका, ओल टिकते. आणि शाळेत जळगावचं भरताचं वांगं लावलंच पाहिजे! मुलांना आपल्या मातीतलं वांगं कळू द्या. बी आत्ताच त्याच वाफ्यात टाका.

चोपडेकर

पानं चांगली, पण आख्खी नको, पाणी त्यावरून घसरून बाहेर जातं. त्यापेक्षा ओलं गोणपाट टाका आणि पाणी त्याच्यावरूनच द्या. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढायचं. एक दिवस उशीर झाला तरी रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात. रविवार मध्ये येत असेल तर जवळच्या कुणाला तरी सांगून ठेवा. वांग्याचं आधी वेगळं रोप करावं लागतं, चार-पाच आठवड्यांनी लावणी. त्यासाठी निराळा धागा काढा, मी येतो.

पांझरा पट्टा

वाफशाचं पटलं. ओळींचं नाही पटलं. पालेभाजी दाट फेकली तर तणाला जागाच राहत नाही.

चोपडेकर

शेतात मीही फेकतो. पण मुलाला मेथीचं रोप आणि घोळीचं रोप पहिल्या आठवड्यात वेगळं ओळखू येत नाही, खुरपणीत दोन्ही उपटतं. ओळ असली की बाहेरचं ते तण, एवढं सांगून भागतं.

पांझरा पट्टा

बघा बुवा. मी फेकीनच.

बोरीकाठ

वाफा झाला! भुगा झालेला गोळा पाहून मुलांनी टाळ्या वाजवल्या. मेथी चौथ्या दिवशी वर आली, बहुतेकांच्या वाट्याला 14 ते 17 रोपं आहेत. पालक सावकाश येतोय, एकेका बीतून दोन-दोन रोपं निघालेली दिसतात. धण्यांचं अजून काही नाही, दोन मुलं रोज उकरायला बघतात.

पण बोअरकडच्या कोपऱ्यातल्या तीन ओळींत मेथी जवळपास नाहीच. तिथे माती वाळली की वर पांढुरकी झाक येते. मुंग्याही दिसल्या. पापडी नाही.

चोपडेकर

धण्यांना दहा-बारा दिवस द्या, दोन आठवडेही लागतात. ओळीच्या टोकाला कागदावर पेरणीची तारीख लिहून लावा, उकरणारे हात थांबतील.

कोपऱ्यातली एक ओळ मात्र मुद्दाम उकरा. दाणेच नसतील तर मुंग्यांनी किंवा पाखरांनी नेले. कडक, जसेच्या तसे असतील तर ओल पोचली नाही. मऊ होऊन कुजले असतील तर पाणी जास्त झालं. कोंब फुटून आतच गुंडाळला असेल तर खोल पडले किंवा वर पापडी होती.

बोरीकाठ

उकरलं. दाणे जागेवर आहेत, फुगलेत, काहींना मूळ फुटलंय पण त्याचं टोक तपकिरी पडून थांबलंय.

चोपडेकर

मग मुंग्या नाहीत. मला क्षाराचा संशय आहे. बोअरचं पाणी रोज त्या कोपऱ्यात सांडतं आणि वाळतं, क्षार तिथेच साचत जातात. पण नुसत्या पांढऱ्या रंगावरून खात्री देता येणार नाही, काळ्या मातीत चुनखडीही पांढरी दिसते. कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी तपासून मिळतं. बोअर दहा मिनिटं चालू ठेवून मग बाटलीत पाणी भरा आणि कोपऱ्यातली माती वेगळ्या पिशवीत न्या. तोवर त्या तीन ओळींत पुन्हा मेथी टाकू नका, पालक टाका. तो खारं पाणी मेथीपेक्षा जास्त सोसतो. बोअरचं सांडणारं पाणी चर काढून दुसरीकडे वळवा.

पांझरा पट्टा

आमच्या गावातल्या एका बोअरचं असंच आहे. अहवाल आला की इथे टाका मॅडम, मलाही बघायचाय.