प्रतिसाद: अतिथिगृहाच्या स्वागतकार्डावरचा रशियन मजकूर

“स्वागताच्या ‘दब्रो पझालवत’ पुढे अतिथिगृहाचा उल्लेख आणि शेवटी आभाराची ओळ, एवढे शब्दकोशातून जुळवले तर पुरेल का?”

शब्द मिळतील, पण विभक्ती चुकण्याची शक्यता मोठी आहे. स्वागताच्या वाक्यात ‘आत येण्याची’ गती गृहीत असल्यामुळे रशियनमधल्या ‘व’ या शब्दयोगी अव्ययापुढे द्वितीया लागते, म्हणजे ‘दब्रो पझालवत व नाश गस्तिवोय दोम’. तेथे ‘व नाशेम गस्तिवोम दोमे’ असे छापले गेले, तर ते स्थिर स्थान दाखवणारे रूप होते आणि रशियन वाचकाला ते पहिल्याच ओळीत खटकते. मी तपासलेल्या एका कार्डावर नेमके हेच झाले होते, आणि त्याशिवाय आभाराच्या ओळीत ‘स्पसीबा वास’ असे छापलेले होते. ‘स्पसीबा’बरोबर चतुर्थीचे ‘वाम’ येते, तर ‘ब्लगदारिम’ या क्रियापदाला द्वितीयेचे ‘वास’ लागते. दोन्ही वाक्ये अर्थाने जवळची असल्याने सर्वनामांची अदलाबदल सहज होते. मला स्वतःला ‘स्पसीबा, श्तो अस्तनविलिस ऊ नास’ (आमच्याकडे उतरल्याबद्दल आभार) ही ओळ अधिक आवडते, कारण तिच्यातले आदरार्थी बहुवचन एका पाहुण्यालाही चालते आणि कुटुंबालाही.