मदत हवी आहे: ‘कणा’च्या व्हिडिओचं शीर्षक कसं लिहू?

कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ कवितेचं वाचन यूट्यूबवर टाकायचंय. परवानगी घेतली आहे. नुसतं ‘कणा’ शोधलं तर भलतंच काही समोर येतं, आणि बहुतेकांना पहिली ओळच आठवते. ती मात्र कुणी ‘ओळखलंत का सर मला’ लिहितं, कुणी ‘ओळखलत’, कुणी ‘olakhlat ka sar mala’.

सध्याचं शीर्षक:
ओळखलंत का सर मला | कणा – कुसुमाग्रज | पूर, शिक्षक आणि स्वाभिमान | कवितावाचन

शंभर अक्षरांची मर्यादा आहे, मोबाइलवर शेवट कापला जातो. कवीचं नाव तिथे कापलं जाऊ नये, हा माझा आग्रह. वर्णनात ‘वि. वा. शिरवाडकर’ दिलंय. शीर्षकात शुद्ध रूपच ठेवणार. बाकीची रूपं टॅगमध्ये टाकली आहेत.

रोमन रूप शीर्षकात घ्यावं का? घेतलं तर विषयाचे शब्द काढू का?