ईस्टरचा संदेश: आधी वार बघा

"शेजारच्या ख्रिस्ती काका-काकूंना ईस्टरला काय लिहावं? गुड फ्रायडेलाच पाठवून टाकू का?"

शुक्रवारी नको. त्या दिवशी येशूच्या क्रूसावरच्या मृत्यूचं स्मरण असतं, अनेकांचा उपास असतो. 'हॅपी गुड फ्रायडे' तिथेच खटकतं. फारच वाटलं तर 'आज तुमची आठवण आहे' एवढं पुरे. शनिवारीही थांबा. कॅथलिक घरात शनिवारी रात्रीच्या जागरण-प्रार्थनेपासून ईस्टर सुरू होतो, पण रविवारी सकाळी पाठवलेलं कुठल्याही पंथात चालतं. अपवाद ग्रीक, रशियन अशा ऑर्थोडॉक्स घरांचा, त्यांची तारीख बहुतेक वर्षी वेगळी येते. २०२६ मध्ये इतरांचा ईस्टर ५ एप्रिलला, त्यांचा १२ला.

मजकूर असा:

"काका-काकू, ईस्टरच्या मनःपूर्वक शुभेच्छा! प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा हा आनंद तुमच्या घरी भरभरून नांदो. चाळीस दिवसांच्या उपासानंतर आज निवांत गोडधोड खा!"

उपासाचं वाक्य ते उपवासकाळ पाळतात हे माहीत असेल तरच ठेवा, सगळे पंथ तो पाळत नाहीत. 'पुनरुत्थान' मात्र गाळू नका, सण त्याचाच आहे. 'येशूजयंती' लिहिलंत तर तो नाताळ झाला. चित्र जोडायचं तर रिकामी कबर किंवा पांढरी लिली घ्या. काटेरी मुकुटाचं चित्र शुक्रवारचं, आणि तयार फॉरवर्डमध्ये नेमकं तेच येतं.

'ख्रिस्त उठला आहे' हे त्यांचं आपसातलं अभिवादन आहे. त्यांनी म्हटलं तर 'ईस्टर मुबारक' वगैरे न जुळवता सरळ 'तुम्हाला खूप शुभेच्छा' म्हणा. रविवार हुकला तरी पुढचा आठवडाभर शुभेच्छा देता येतात.