लग्नातल्या वाढपी शिफ्टचे पैसे बुडतात, चूक कोणाची?

कॅटरिंगवाला: पैसे बुडाले म्हणून रडणाऱ्या पोरांनो, चूक तुमचीच. ग्रुपवर मेसेज दिसला की निघता, कॅटरर कोण हे पण विचारत नाही.

रात्रपाळी: कॅटररचं नाव कळून काय उपयोग? आम्हाला नेतो माणसं पुरवणारा, त्याच्या खाली सुपरवायझर, पैसे कुठेतरी मधे अडकले की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. विचारायचं एवढंच की माझे पैसे कोणाच्या हातून आणि कधी. आणि ते मेसेजवर लिहून घ्यायचं, सोबत तारीख, हॉल, हजेरीची वेळ, रेट आणि उशीर झाला तर जादा किती. टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नये.
एका रिसेप्शनला चारला बोलावलं, जेवण सुरू झालं आठला. मधे खुर्च्या लावल्या, ग्लास पुसले, काउंटर उभे केले. रात्री हिशोबाला सुपरवायझर म्हणतो तास आठपासून धरणार. माझ्याकडे 'चारला हजर' असा त्याचाच मेसेज होता आणि सही केल्यावर हजेरीच्या कागदाचा फोटो मी तेव्हाच ग्रुपवर टाकला होता, म्हणून पूर्ण मिळाले. बाजूच्या पोराकडे काहीच नव्हतं, त्याला अर्धेच पैसे देऊन घरी पाठवलं.

किचन_हेल्पर: मी आधी अर्धे घेतल्याशिवाय जातच नाही, सगळ्यांनी तेच करा.

रात्रपाळी: तू जुना आहेस म्हणून देतात रे, नवीन पोराला कोण देणार? उलट नवीन पोराकडूनच 'नोंदणी' नाहीतर ड्रेसचं डिपॉझिट मागतात. काम देणारा आधी पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरावं.

भांडी_विभाग: अहो पण फुटलेल्या ग्लासांचं काय? मी मागे धुवायला असते, ट्रे येतानाच तडे गेलेले असतात, तरी सगळं माझ्या मजुरीतून कापतात! त्यावर कोणी बोलतच नाही.

कॅटरिंगवाला: मग नुकसान आम्ही सोसायचं का? भाड्याची क्रोकरी असते ताई, मोजून परत द्यावी लागते.

भांडी_विभाग: मोजून घेताना मला बोलावता का? माझ्यासमोर मोजा आणि मग कापा. धुणारीला नेमकं किती आलं हेच सांगत नाही आणि शेवटी आकडा आमच्या नावावर टाकता!

किचन_हेल्पर: माझे तर एकदा चमचे कमी पडले म्हणून कापले, मी चमच्याला हात पण लावला नव्हता.

कॅटरिंगवाला: बरं, मोजणी समोर व्हावी हे मान्य. पण पार्टीनेच उरलेली रक्कम दिली नाही तर आम्ही पोरांना कुठून द्यायचं?

रात्रपाळी: तो तुमचा आणि पार्टीचा व्यवहार आहे. तुम्ही ॲडव्हान्स घेऊनच ऑर्डर धरता ना, मजुरी त्यातून आधी बाजूला काढा. आम्ही पार्टीशी बोललो नव्हतो, तुमच्या माणसाशी बोललो होतो.

कॅटरिंगवाला: पुरवणाऱ्याला मी त्याच रात्री पैसे देतो, पुढे तो देतो की नाही हे मी कसं बघणार?

भांडी_विभाग: आम्हाला तिथेच, त्याच्यासमोर द्या ना मग. आणि ग्लासांचं अजून बोललाच नाहीत, तडे गेलेला ग्लास कोणाच्या नावावर?