रोध, रोधकता आणि ‘ओहम प्रति मीटर’ : तक्त्यातल्या एका ओळीबद्दल

शेवंती

मुलगी नववीत आहे. ‘धाराविद्युत’ या धड्याच्या उजळणीसाठी तिच्या मैत्रिणींमध्ये एक तक्ता फिरतो आहे. तो जसाच्या तसा देते:

| राशी | चिन्ह | एकक | सूत्र |
|---|---|---|---|
| विद्युतप्रभार | Q | कूलोम | Q = It |
| विद्युतधारा | I | ॲम्पिअर | I = Q/t |
| विभवांतर | V | व्होल्ट | V = W/Q |
| रोध | R | ओहम | R = V/I |
| रोधकता | ρ | ओहम प्रति मीटर | ρ = RA/L |

शेवटच्या ओळीवरून मुलींमध्ये वाद आहे. एकीच्या वहीत ‘रोधकता’च्या जागी ‘विशिष्ट रोध’ लिहिलं आहे. दुसरी म्हणते, रोध आणि रोधकता एकच, फक्त पुस्तकी रूप वेगळं. हे शब्द तीन आहेत की दोन? आणि ‘प्रति मीटर’ बरोबर आहे का?

माधवराव

‘एकक’ कशाला? युनिट हा शब्द आता घराघरात आहे. वीजबिलावर ‘वापरलेले युनिट’ असं छापलेलं असतं आणि ते सगळ्यांना कळतं. तक्त्यात ते युनिट कुठेच दिसत नाही. ते आधी घाला, परीक्षेत हमखास विचारतात.

ऋतुजा

माधवकाका, बिलावरचं युनिट हे एका ठराविक मापाचं नाव आहे, किलोवॉट-तास. हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, म्हणजे 3.6 × 10⁶ जूल. ते ऊर्जेचं माप आहे. ताईंच्या तक्त्यात ऊर्जेची ओळच नाही, म्हणून ते नाही. ‘एकक’ हा मात्र सर्वसाधारण शब्द आहे. मीटर, ओहम, जूल ही सगळी एककंच. दोन्हींसाठी ‘युनिट’ वापरलं तर “रोधाचं युनिट काय?” या प्रश्नाला मुलं किलोवॉट-तास लिहून येतील. माझ्या शिकवणीत एकाने लिहिलंही आहे.

शेवंतीताई, शब्द तीन आणि राशी दोन. रोधकता आणि विशिष्ट रोध एकच. रोध वेगळा.

रत्नाकर

बरोबर. रोध तारेचा, रोधकता धातूची. तार लांब करा, जाड करा, रोध बदलेल, रोधकता कधीच बदलत नाही. तांब्याची 1.7 × 10⁻⁸, पाठ करून टाकायची. एककाबद्दल माझंही मत ‘प्रति मीटर’च आहे, कारण व्याख्येतच ‘एक मीटर लांबीच्या तारेचा रोध’ असं येतं.

निवृत्त मास्तर

रत्नाकर, पहिला भाग पटला. ‘कधीच’ या शब्दाकडे नंतर येतो. एकक मात्र चूक आहे, आणि ते पाठांतराने नव्हे, त्याच ओळीतल्या सूत्राने ठरतं. ρ = RA/L. वर ओहम गुणिले चौरस मीटर, खाली मीटर. एक मीटर कटला, उरला ओहम गुणिले मीटर. म्हणून लिहायचं ‘ओहम मीटर’, Ω m. मध्ये भागाकार नाही, ‘प्रति’ नाही. तक्त्यात एककाच्या शेजारी सूत्र असतं त्याचा खरा उपयोग हाच आहे, एक रकाना दुसऱ्याने तपासता येतो.

‘प्रति’ तोंडात का येतं, याचं कारण रत्नाकर यांनीच दिलं आहे. व्याख्येत ‘एक मीटर लांबी’ ऐकलं की आपण ते दर मीटरला असं समजतो आणि ‘एक चौरस मीटर काटछेद’ हा पुढचा भाग गळतो. त्यात जुना ‘विशिष्ट रोध’ हा शब्द भर घालतो. विशिष्ट उष्मा म्हटलं की दर किलोग्रॅमला, हे मुलांच्या मनात बसलेलं असतं. मग विशिष्ट रोधही दर कशाला तरी असणार, असं त्यांना वाटतं. काही जण ‘एक घनमीटर तांब्याचा रोध’ असंही लिहितात. तेही चूक आहे आणि का, ते आकड्यांत पाहा.

एक मीटर बाजूचा तांब्याचा ठोकळा घ्या. समोरासमोरच्या दोन पृष्ठांमधला रोध 1.7 × 10⁻⁸ ओहम. आता त्याच ठोकळ्याची एक चौरस मिलिमीटर काटछेदाची तार ओढली असं समजा. घनफळ तेवढंच, पण लांबी भरेल 1000 किलोमीटर. रोध येतो 17,000 ओहम. तांबं तेच, घनमीटर तोच, रोधकता तीच. एवढा फरक फक्त आकाराने पडला. म्हणून ‘घनमीटरचा रोध’ या शब्दांना अर्थ राहत नाही, आकार सांगावाच लागतो. माझ्या मते तक्त्यातून ‘विशिष्ट रोध’ काढून टाकावा आणि ‘रोधकता’ ठेवावा.

वायरिंगवाला

सर, पण ‘ओहम प्रति किलोमीटर’ मी रोज बघतो. केबलच्या कॅटलॉगमध्ये तसाच रकाना असतो. अडीच एमएमच्या तांब्याच्या वायरला सात ते आठच्या दरम्यान आकडा दिलेला असतो. मग तो चुकीचा का?

निवृत्त मास्तर

अजिबात चुकीचा नाही, फक्त ती रोधकता नाही. कॅटलॉगमधला आकडा त्या एका जाडीच्या वायरचा दर लांबीला रोध आहे. जाडी बदलली की तो बदलतो, म्हणून प्रत्येक मापाला वेगळा आकडा छापावा लागतो. रोधकता असती तर सगळ्या तांब्याच्या वायरींना मिळून एकच आकडा पुरला असता. तुमच्या वायरचा हिशोब 1.7 × 10⁻⁸ वरून केला तर किलोमीटरला 6.8 ओहम येतो. कॅटलॉग थोडा जास्त देतो, कारण ती कमाल मर्यादा असते.

रत्नाकर

6.8 कसे आले? अडीच मिलिमीटर व्यास, म्हणजे काटछेद 4.9 चौरस मिलिमीटर. किलोमीटरला साधारण साडेतीन ओहम यायला हवेत.

वायरिंगवाला

दादा, ‘अडीच एमएम’ हे आमचं बोलणं. दीड एमएम, अडीच एमएम, चार एमएम हे सगळं चौरस मिलिमीटर असतं, व्यास नव्हे. गिऱ्हाईकही तसंच मागतं. अडीचची एकसंध तार असेल तर तिचा व्यास 1.8 मिलिमीटरच्या आसपास भरतो.

माझा मुद्दा खरं तर गिझरचा होता. एका घरी बोर्डापासून गिझर वीस मीटरवर आहे, दोन हजार वॉटचा. मालक म्हणतात, एक एमएमची वायर टाका, पैसे वाचतील. मी नको म्हणतो, पण आकड्यात समजावता येत नाही.

ऋतुजा

हे तर धड्यातलंच गणित आहे. दादा, वीज जाते आणि परत येते, म्हणून लांबी 40 मीटर धरा. सूत्र फिरवून R = ρL/A.

एक चौरस मिलिमीटर म्हणजे 10⁻⁶ चौरस मीटर. R = 1.7 × 10⁻⁸ × 40 / 10⁻⁶ = 0.68 ओहम. अडीचला तोच भागिले अडीच, 0.27 ओहम.

230 व्होल्टवर 2000 वॉट म्हणजे सुमारे 8.7 ॲम्पिअर. एकच्या वायरमध्ये V = IR ने जवळजवळ 6 व्होल्ट वाटेतच जातात आणि I²R ने 51 वॉट उष्णता भिंतीतल्या वायरमध्ये तयार होते. अडीचच्या वायरमध्ये 2.4 व्होल्ट आणि 21 वॉटच्या आत. मालकांना 51 वॉट म्हणून सांगा. भिंतीतल्या पाइपात कोंडलेल्या वायरीला ती उष्णता बाहेर टाकायला जागा नसते.

मुलींसाठी एक सांगते. इथे सर्वाधिक चुका मिलिमीटरच्या वर्गात होतात. एक मिलिमीटर 10⁻³ मीटर, म्हणून चौरस मिलिमीटरही 10⁻³ लिहिलं जातं. मग 0.68 च्या जागी 0.00068 येतं. चूक ओळखायची खूण अशी: घरातल्या चाळीस मीटर वायरचा रोध ओहमच्या काही दशांशांइतका असायला हवा. हजारातला भाग आला की काटछेद पुन्हा बघायचा.

शेवंती

हे मुलीला वाचून दाखवलं. ती विचारते, रोधकता धातूचा गुण आहे तर 100 वॉटच्या बल्बचं गणित जुळत का नाही? R = V²/P ने 529 ओहम येतात. शाळेत मल्टिमीटर लावला तर चाळीसच्या आसपास दाखवतो. तार तीच, लांबी तीच, जाडी तीच.

निवृत्त मास्तर

छान पकडलं. रत्नाकर यांच्या ‘कधीच’बद्दल मी बोलणार होतो ते हेच. लांबी आणि जाडीने रोधकता बदलत नाही, पण तापमानाने बदलते. मल्टिमीटरने मोजताना टंगस्टनची तार थंड असते. पेटल्यावर ती दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि रोधकता दहापटीहून जास्त होते. दोन्ही उत्तरं खरी आहेत, वेगवेगळ्या तापमानांची. तांब्याचा 1.7 × 10⁻⁸ हा आकडाही 20 अंशांजवळचा आहे. तक्त्यात आकडा लिहायचा असेल तर शेजारी तापमान लिहायला सांगा.

रत्नाकर

मान्य. मग ‘रोध’ शब्दाबद्दल एक. पुस्तकात ‘तीन रोध एकसर जोडले’ असं वाक्य असतं. तिथे रोध म्हणजे वस्तू. तक्त्यात रोध म्हणजे राशी. एकाच शब्दाने दोन्ही कामं चालवायची का? वस्तूला ‘रोधक’ म्हणावं.

ऋतुजा

‘रोधक’ ऐकलं की माझ्या विद्यार्थ्यांना रबर, लाकूड आठवतं, म्हणजे वीज अजिबात जाऊ न देणारं. त्याला ‘विसंवाहक’ हा शब्द आहे, पण गोंधळ होतोच. वाक्यावरून अर्थ कळतो तोवर मी ‘रोध’च ठेवेन. मास्तरांचं ‘विशिष्ट रोध काढून टाका’ हेही मला तितकंसं पटत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना तो शब्द भेटतोच. तक्त्यात शेजारी लहान अक्षरात राहू दे.

आणखी एक, ρ नीट काढा. वहीत तो p सारखा दिसतो आणि महिन्याने मुलं तो शक्तीचा P म्हणून वाचतात. व्होल्टचंही तसंच. चिन्हाच्या रकान्यात V आणि एककाच्या रकान्यातही V येतो. छापताना राशीचं चिन्ह तिरकं आणि एककाचं सरळ असतं, हातात ते जमत नाही. म्हणून तुमच्या तक्त्यात एककं अक्षरांत लिहिली आहेत ते उत्तम आहे.

शेवंती

मग ओळ अशी करते: रोधकता, ρ, ओहम मीटर, ρ = RA/L, आणि खाली बारीक ‘जुन्या पुस्तकांत विशिष्ट रोध’. तिला आता पुढची ओळ हवी आहे, रोधाच्या उलट राशीची, 1/R. तिला काय म्हणायचं? एका ठिकाणी ‘वाहकता’ सापडलं, पण दुसरीकडे तोच शब्द 1/ρ साठी आहे.

निवृत्त मास्तर

दोन्ही अर्थांनी वापरलेला मीही पाहिला आहे, आणि हे गैरसोयीचं आहे. रोध आणि रोधकता अशी जोडी आहे तशी इथेही हवी होती. ‘-ता’ लागलेला शब्द पदार्थाच्या गुणाला, म्हणून ‘वाहकता’ 1/ρ ला ठेवावा. 1/R ला मी वर्गात ‘वहनक्षमता’ म्हणत असे, पण तो माझा शब्द, छापील नव्हे. एककावरून मात्र दोन्ही वेगळे ओळखता येतात. 1/R चं एकक सीमेन्स, जुन्या पुस्तकांत म्हो. 1/ρ चं सीमेन्स प्रति मीटर. तिथे ‘प्रति’ खरोखरच आहे.

वायरिंगवाला

‘वहनक्षमता’ नको सर. आमच्याकडे वायरची वहनक्षमता म्हणजे ती किती ॲम्पिअर झेपवते ते.