पैसे कापले गेले, पण तंबोरा उघडला नाही: गूगल प्लेवरची खरेदी परत कशी मिळवायची?

मंगळवारपेठेची_गायिका (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार. मी कोल्हापुरात गाणं शिकते. रोजच्या रियाजासाठी फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप वापरते. फुकटात त्यात चारच पट्ट्या मिळतात आणि दहा मिनिटांनी आवाज थांबतो. काल पन्हाळ्याला गेलो होतो. तिथे संध्याकाळी बसल्या बसल्या वाटलं, कायमचा पॅक घेऊन टाकावा. किंमत ₹१,१५०. यूपीआयचा पिन टाकला आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. पाच मिनिटांनी बँकेचा मेसेज आला, पैसे गेले. अ‍ॅपमध्ये मात्र कुलूप तसंच.

घरी आल्यावर अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं. `Restore purchases` दाबलं तर `No purchases found` असं येतंय. माझ्या जीमेलवर पावतीही आलेली नाही. कृपया सांगा, पैसे बुडाले का? पुन्हा विकत घेऊ का? बुधवारी क्लासमध्ये छोटी बैठक आहे, तोवर तंबोरा हवाच आहे.

राजारामपुरी_९वी_गल्ली (रात्री ९:५८)

ताई, काळजी करू नका. यूपीआयचे पैसे खात्यातून गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, तर पाच दिवसांत आपोआप परत येतात. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. उशीर झाला तर दिवसाला ₹१०० भरपाईसुद्धा मिळते. उद्या बँकेत लेखी तक्रार द्या आणि निवांत बसा.

शाहूपुरीचा_मामा (रात्री १०:०५)

माझंबी असंच झालंय. भाच्यानं माझ्या फोनवर गेममध्ये ₹४४९ ची नाणी घेतली, मग फोन बदलला. आता नव्या फोनवर नाणी शून्य. हे रिस्टोअर बटण कुठं असतंय?

उजळाईवाडी_कोडर (रात्री १०:३१)

ताई, पुन्हा विकत घेऊ नका. बँकेतही लगेच जाऊ नका. मी अ‍ॅपमधल्या पेमेंटचंच काम करतो, अशी प्रकरणं आठवड्याला दोन-चार तरी बघतो. आधी एवढंच सांगा: या फोनवर गूगलची खाती किती आहेत? आणि तंबोऱ्याचं अ‍ॅप पहिल्यांदा कोणी टाकून दिलं होतं?

मंगळवारपेठेची_गायिका (रात्री १०:४४)

दोन आहेत. एक माझं, एक ह्यांचं. फोन नवा आणला तेव्हा सगळं ह्यांनीच लावून दिलं होतं, अ‍ॅपसुद्धा. पण पैसे माझ्या बँक खात्यातून गेलेत.

उजळाईवाडी_कोडर (रात्री ११:१२)

मग बहुतेक घोळ तिथेच आहे. पैसे कुठल्या बँक खात्यातून गेले याच्याशी गूगल प्लेला देणंघेणं नाही. खरेदी चिकटते ती गूगल खात्याला. अ‍ॅप ज्या खात्यावरून टाकलेलं असतं, बहुतेक वेळा त्याच खात्यावर आतली खरेदी होते. पैसे भरायची पट्टी खालून वर येते ना, तिच्यावर तो ईमेल लिहिलेला असतो, पण तिकडे कोणी बघत नाही. म्हणजे काल पन्हाळ्यावर तुम्ही यजमानांच्या खात्यावर पॅक घेतलात. घरी येऊन अ‍ॅप काढलंत आणि पुन्हा टाकलंत तेव्हा प्ले स्टोअर तुमच्या खात्यावर होतं. आता `Restore purchases` दाबलं की अ‍ॅप तुमच्या खात्याला विचारतं, "हिच्या नावावर काही आहे का?" तिथे काहीच नाही, म्हणून उत्तर खरंच आहे.

'अ‍ॅप काढा, पुन्हा टाका' हा सल्ला सगळेच देतात. एकच खाते असेल तर त्याने बिघडत नाही. दोन खाती असली की सरळ गोष्टीचा गुंता होतो.

आता हे करून बघा. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या फोटोवर टिचकी मारा, नावाशेजारच्या बाणातून यजमानांचं खातं निवडा. मग `Payments & subscriptions` आणि त्यात `Budget & history`. कालची ₹१,१५० ची नोंद दिसली तर ती उघडा. आत GPA ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असेल, तो लिहून ठेवा. पावतीचा मेलही त्यांच्याच जीमेलवर गेलेला असणार.

नोंद सापडली, तर तुमच्या खात्यावरून टाकलेलं अ‍ॅप काढा. प्ले स्टोअर यजमानांच्या खात्यावर असतानाच ते पुन्हा टाका. उघडा आणि अर्धा मिनिट थांबा. बहुतेक अ‍ॅप उघडल्या उघडल्या स्वतःच विचारपूस करतात, बटण दाबायचीही गरज पडत नाही.

हे मंगळवार संध्याकाळच्या आत करा. कारण पुढे सांगतो.

उजळाईवाडी_कोडर (रात्री ११:२६)

पैसे मिळाल्यावर अ‍ॅपने गूगलला पोच द्यावी लागते, की 'हो, माल ग्राहकाला दिला'. ही पोच तीन दिवसांत गेली नाही, तर गूगल व्यवहार रद्द करतं आणि पैसे परत पाठवतं. मोठ्या अ‍ॅपचा सर्व्हर ही पोच स्वतःहून देतो. छोट्या अ‍ॅपमध्ये बऱ्याचदा ते काम तुमच्या फोनवरचं अ‍ॅपच करतं. काल रेंज गेली तेव्हा ते राहिलं असावं, आणि मग तुम्ही अ‍ॅपच काढून टाकलंत.

त्यामुळे एक नक्की. पोच गेली नसेल तर पैसे बुडत नाहीत. एक तर योग्य खात्यावर अ‍ॅप उघडलं की पॅक मिळतो, नाही तर तीन दिवसांनी रक्कम परतीला लागते. तुम्हाला बुधवारी तंबोरा हवाय, म्हणून वाट न बघता उघडा म्हणतोय.

नोंदीवर अजून `Pending` दिसत असेल तर मात्र थांबा. म्हणजे बँकेकडून पैसे आल्याचं गूगलला अजून कळलेलं नाही. तीन दिवस मोजायला सुरुवात ते कळल्यानंतरच होते.

राजारामपुरीवाले दादा, तुमचा नियम खरा आहे, ₹१०० सुद्धा खरे आहेत. पण पैसे निघाले आणि दुकानदारापर्यंत पोचलेच नाहीत, अशा वेळी तो लागू पडतो. इथे ऑर्डर पूर्ण झालेली दिसली तर पैसे पोचलेत. बँक तक्रारीला तेच उत्तर देईल आणि तोवर बुधवार उलटून जाईल. दोन्ही खात्यांत नोंदच नसेल, तर मात्र तुमचाच रस्ता बरोबर.

राजारामपुरी_९वी_गल्ली (रात्री ११:३५)

हां, हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. माझे पेट्रोल पंपावर अडकले होते ते चौथ्या दिवशी आले, त्यावरून म्हटलं.

रंकाळा_सकाळ (सोमवार, सकाळी ७:१५)

एवढं सगळं कशाला? माझ्या आयफोनवर `Restore Purchases` दाबते, पासवर्ड टाकते, सगळं परत येतं. ताई, तुमच्या सरांकडे आयपॅड असेल तर त्यावर टाकून रिस्टोअर करा, म्हणजे बुधवारची सोय होईल.

उजळाईवाडी_कोडर (सकाळी ८:०२)

तुमच्याकडे येतं, कारण घेतलं अ‍ॅपलवर आणि परत मागताय तेही अ‍ॅपलवरच, त्याच खात्यातून. ताईंनी घेतलंय गूगलवर. नाव एकच असलं तरी ही दोन वेगळी दुकानं आहेत, एकाची वही दुसऱ्याला दिसत नाही. अ‍ॅपचं स्वतःचं लॉगिन असेल आणि खरेदी त्या लॉगिनला जोडलेली असेल, तरच ती इकडून तिकडे जाते. ताई, तुमच्या अ‍ॅपला असं लॉगिन आहे का?

आयफोनवरही दोन खात्यांचा घोळ होतो बरं का. आयक्लाऊडला एक खातं आणि `Media & Purchases` ला दुसरं, असे फोन मी पुष्कळ पाहिलेत. रिस्टोअर बघतं ते दुसऱ्यात.

मंगळवारपेठेची_गायिका (दुपारी १:२०)

लॉगिन नाही. उघडलं की सरळ तंबोराच.

आणि सापडलं! ह्यांच्या खात्यात नोंद आहे, GPA क्रमांकही आहे, पावती ह्यांच्या जीमेलमध्ये जाहिरातींच्या टॅबमध्ये पडलेली. तुम्ही सांगितलं तसं अ‍ॅप काढून ह्यांच्या खात्यावरून टाकलं. उघडल्यावर पहिली काही सेकंदं कुलूपच होतं, मला वाटलं पुन्हा तेच. मग पट्ट्यांच्या यादीतली कुलपं एकदम गेली. काळी चार लावून अर्धा तास ऐकत बसले, मध्ये थांबला नाही. मनापासून आभार.

आता एक शंका. ही खरेदी माझ्या खात्यावर आणता येईल का? उद्या मी वेगळा फोन घेतला तर? फॅमिली ग्रुप केला तर चालेल?

उजळाईवाडी_कोडर (दुपारी २:०५)

वा, छान झालं. एका गूगल खात्यावरची खरेदी दुसऱ्यावर हलवता येत नाही. फॅमिली लायब्ररीत विकत घेतलेलं अख्खं अ‍ॅप वाटता येतं, पण अ‍ॅपच्या आतली खरेदी वाटता येत नाही. नव्या फोनवर यजमानांचं खातंही जोडून त्यावरून हे एकच अ‍ॅप टाकलंत तर चालेल. प्ले स्टोअर नंतर तुमच्या खात्यावर आणून ठेवलंत तरी बहुतेक अ‍ॅपना फरक पडत नाही. तुमच्या अ‍ॅपचं मात्र एकदा बंद करून, पुन्हा उघडून खात्री करा.

दुसरा मार्ग म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्याला GPA क्रमांकासह मेल. पत्ता प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावरच असतो. तो त्या क्रमांकावरून ऑर्डर बघू शकतो, पैसे परत करू शकतो, म्हणजे तुम्ही तुमच्या खात्यावर नव्याने घ्याल. काही जण प्रोमो कोडही देतात. देईलच असं नाही, त्याच्या मर्जीवर आहे. गूगलकडे सरळ परतावा मागायचा तर खरेदीपासून ४८ तासांत मागावा, म्हणजे आज संध्याकाळपर्यंतच. पण बैठकीच्या आधी मी यातलं काहीच करणार नाही.

शाहूपुरीचा_मामा (सायंकाळी ६:४८)

आणि आमची नाणी?

उजळाईवाडी_कोडर (सायंकाळी ७:३०)

मामा, नाण्यांचं वेगळं आहे. तंबोऱ्याचा पॅक एकदा घेतला की कायमचा, म्हणून गूगल त्याची नोंद धरून ठेवतं. नाणी गेमने खात्यात जमा केली की तो माल वापरला गेला असं गूगलला कळवतात, आणि रिस्टोअरला ती सापडत नाहीत. किती उरली हे फक्त गेमच्या सर्व्हरला माहीत. भाचा गेममध्ये कुठलं लॉगिन वापरत होता? 'गेस्ट' म्हणून खेळत असेल तर अवघड आहे. जुना फोन अजून हाताशी असेल तर तो पुसू नका. त्यात गेम उघडून प्लेअर आयडी लिहून घ्या, आणि तो आयडी व GPA क्रमांक गेमच्या `Support` मधूनच पाठवा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर फोन करू नका. तिथे स्क्रीन शेअर करायला सांगून खातं रिकामं करतात.

शाहूपुरीचा_मामा (सायंकाळी ७:५२)

जुना फोन दुकानात देऊन टाकलाय, एक्स्चेंजमध्ये. अजून तिथंच असेल तर उद्या सकाळी जाऊन विचारतो. भाचा म्हणतोय गेस्टच होता.

मंगळवारपेठेची_गायिका (बुधवार, रात्री १०:१०)

बैठक झाली. तंबोरा दीड तास सलग चालला. प्ले स्टोअर सोमवारीच माझ्या खात्यावर आणून ठेवलं होतं, अ‍ॅप दोनदा बंद-चालू केलं, कुलूप आलं नाही. अ‍ॅपवाल्यांना मेल टाकलाय, अजून उत्तर नाही. मामा, फोन मिळाला का?